अंतर्लिखित बहुभुजांवरून वर्तुळाचे क्षेत्रफळ: πr² पर्यंत पायरी न चुकवता कसे पोहोचायचे

वर्तुळात सुसम बहुभुज काढायचा, बाजू वाढवत न्यायच्या आणि शेवटी ‘n अनंत झाला की बहुभुजाचे वर्तुळ होते, म्हणून क्षेत्रफळ πr²’ असे लिहून टाकायचे, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात सिद्धता कुठे आहे हे कोणी विचारतच नाही. खरे तर त्या वाक्यात सिद्धता नाहीच. कितीही मोठा n घ्या, बहुभुज बहुभुजच राहतो. सिद्ध करायचे असते ते वेगळे: बहुभुज आणि वर्तुळ यांच्या क्षेत्रफळांतली तफावत आपण सांगू तितकी लहान करता येते, आणि बहुभुजांची क्षेत्रफळे ज्या संख्येकडे जातात ती नेमकी πr² आहे. ही दोन स्वतंत्र कामे आहेत. बहुतेक वह्यांमध्ये पहिले गाळलेले असते आणि दुसरे उधारीवर केलेले असते.

खालची वाट षट्कोनापासून निघते आणि दर वेळी बाजू दुप्पट करते. तिला पायथागोरसचे प्रमेय आणि वर्गमूळ एवढेच लागते. साइनचे सूत्र मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण सर्वांत जास्त घोटाळे तिथेच होतात.

## तयारी: काय गृहीत धरले ते आधी कागदावर लिहा

पहिली ओळ लिहिण्याआधी π म्हणजे काय हे ठरवा. इथे π म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास. सगळी वर्तुळे समरूप असल्यामुळे हे गुणोत्तर प्रत्येक वर्तुळात तेच येते. क्षेत्रफळाशी π चा काही संबंध आहे हे आपल्याला अजून माहीत नाही असे समजून चाला. तो संबंध हेच तर साध्य आहे.

परीघ म्हणजे काय, हेही ठरवावे लागते, कारण वाकड्या रेषेवर पट्टी ठेवता येत नाही. अंतर्लिखित बहुभुजाच्या बाजू दुप्पट केल्या की प्रत्येक जुन्या बाजूच्या जागी दोन नव्या बाजू येतात. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असल्याने परिमिती दर वेळी वाढते. ती बेसुमार मात्र वाढत नाही. वर्तुळाबाहेर 2r बाजूचा चौरस काढला, तर आतल्या प्रत्येक बहिर्वक्र बहुभुजाची परिमिती चौरसाच्या 8r पेक्षा कमीच राहते. सतत वाढणाऱ्या पण 8r च्या आत राहणाऱ्या या संख्या ज्या सीमेकडे जातात, तिला आपण परीघ C म्हणतो.

क्षेत्रफळाबद्दल एकच गोष्ट वापरायची आहे: एक आकृती दुसरीच्या आत मावत असेल, तर आतलीचे क्षेत्रफळ बाहेरचीपेक्षा जास्त नसते.

चिन्हे अशी ठेवू. n बाजूंच्या अंतर्लिखित सुसम बहुभुजाची बाजू s, केंद्रापासून बाजूपर्यंतचे लंबांतर h, परिमिती p आणि क्षेत्रफळ Aₙ. वर्तुळाचे क्षेत्रफळ A. आकडेमोडीसाठी r = 1.

तपासा: गृहीतांच्या यादीत ‘A = πr²’ किंवा ‘वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ’ यांपैकी काही आले असेल, तर ते खोडा. ते आपल्याला वाटेत कुठेही वापरायचे नाही.

## टप्पा १: बहुभुजाचे त्रिकोण पाडा

केंद्र O पासून प्रत्येक शिरोबिंदूला त्रिज्या काढा. बहुभुजाचे n एकरूप समद्विभुज त्रिकोण होतात. प्रत्येकाचा पाया s आणि उंची h आहे, म्हणून

```
Aₙ = n × (1/2) × s × h = (1/2) × p × h
```

अर्धी बाजू, लंबांतर आणि त्रिज्या मिळून काटकोन त्रिकोण होतो. त्यावरून h मिळते:

```
h = √(r² − (s/2)²)
```

षट्कोनात हे त्रिकोण समभुज असतात, म्हणून s = 1. मग h = √(1 − 1/4), म्हणजे ०.८६६०२५. क्षेत्रफळ ½ × ६ × ०.८६६०२५ = २.५९८०७६.

इथे हमखास चुकते: उंची म्हणून h ऐवजी r घेतली जाते, कारण आकृतीत डोळ्यांत भरते ती त्रिज्या. तसे केले तर षट्कोनाचे क्षेत्रफळ ३ येते. त्रिज्या ही त्रिकोणाची तिरकी बाजू आहे, उंची नव्हे. मात्र हे ३ विसरू नका. षट्कोनासाठी ते चूक असले, तरी दुसऱ्या एका बहुभुजासाठी अगदी बरोबर आहे, आणि तो पुढच्याच टप्प्यात भेटतो.

दुसरी छोटी चूक म्हणजे पायथागोरस लावताना s/2 ऐवजी s घेणे. षट्कोनात तसे केल्यास h शून्य येते, त्यामुळे ती लगेच पकडली जाते. पुढच्या बहुभुजांत ती लपून राहते, म्हणून सवय षट्कोनातच लावून घ्या.

## टप्पा २: बाजू दुप्पट करा

षट्कोनाची एक बाजू PQ घ्या. तिच्या वरच्या कंसाचा मध्यबिंदू M. PM आणि MQ या १२ बाजूंच्या बहुभुजाच्या दोन बाजू झाल्या. आता O, P, M, Q या चार बिंदूंचा चौकोन नीट पाहा. OP = OQ आणि MP = MQ, म्हणजे हा पतंग आहे. त्याचा एक कर्ण OM, जो त्रिज्याच आहे. दुसरा कर्ण PQ, जो जुन्या बहुभुजाची बाजू आहे. पतंगाचे कर्ण एकमेकांना लंब असतात, म्हणून त्याचे क्षेत्रफळ ½ × r × s. असे n पतंग मिळून 2n बाजूंचा बहुभुज होतो:

```
A₂ₙ = n × (1/2) × r × s = (1/2) × p × r
```

या ओळीवर थोडे थांबा, कारण सगळी सिद्धता हिच्यावर उभी आहे. 2n बाजूंच्या बहुभुजाचे क्षेत्रफळ म्हणजे n बाजूंच्या बहुभुजाची निम्मी परिमिती गुणिले त्रिज्या. यात h कुठेही नाही. म्हणजे मघाशी चुकून आलेले ३ हे १२ बाजूंच्या बहुभुजाचे क्षेत्रफळ होते, आणि तेही अंदाजे नव्हे, तंतोतंत.

पुढे जायला नवी बाजू हवी. PQ चा मध्यबिंदू K घ्या. PK = s/2 आणि KM = r − h. काटकोन त्रिकोण PKM मध्ये पायथागोरस लावून r = 1 घातले की

```
s'² = (s/2)² + (1 − h)² = 2 − 2h
```

आणि h ची किंमत भरून

```
s' = √(2 − √(4 − s²))
```

हे सूत्र बरोबर आहे, पण आकडेमोडीला वाईट आहे. बाजू लहान होत गेली की आतले वर्गमूळ २ च्या अगदी जवळ येते, आणि दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केली की सुरुवातीचे अंक एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त शेवटचे, आणि ते तर आपणच पूर्णांकन करून बिघडवलेले असतात. म्हणून त्याच सूत्राचे हे रूप वापरा:

```
s' = s / √(2 + √(4 − s²))
```

दोन्ही रूपे सारखीच आहेत, कारण (2 − √(4 − s²)) आणि (2 + √(4 − s²)) यांचा गुणाकार s² येतो. दुसऱ्या रूपात बेरीज आहे, वजाबाकी नाही.

फरक किती पडतो ते पाहू. ४८ बाजूंच्या बहुभुजाची बाजू ०.१३०८ आहे आणि तुम्ही चार दशांश स्थळे ठेवून हिशेब करत आहात. आतले वर्गमूळ १.९९५७ येते. पहिल्या रूपाने २ − १.९९५७ = ०.००४३, त्याचे वर्गमूळ ०.०६५५७. ही ९६ बाजूंच्या बहुभुजाची बाजू धरली, तर १९२ बाजूंच्या बहुभुजाचे क्षेत्रफळ ४८ पट, म्हणजे ३.१४७६ येते. वर्तुळाच्या आत असलेली आकृती वर्तुळापेक्षा मोठी निघाली! तेच १.९९५७ दुसऱ्या रूपात घातले, तर ०.१३०८ ÷ १.९९८९ = ०.०६५४३६ आणि क्षेत्रफळ ३.१४०९. कागद तोच, कष्ट तेवढेच, फक्त सूत्राची मांडणी वेगळी.

संगणकावर अंक जास्त मिळतात, त्यामुळे हा दोष उशिरा दिसतो, पण दिसतोच. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत पहिल्या रूपाने दुपटी करत गेलात, तर आकडे आधी सुधारतात, मग भरकटू लागतात, आणि तीस दुपटींच्या आत बाजू थेट शून्य होते. ‘n वाढवला की उत्तर सुधारते’ हे गणिताबद्दल खरे आहे. यंत्रातल्या वजाबाकीबद्दल नाही.

## टप्पा ३: आकडे मांडा

दुसऱ्या रूपाने, r = 1 धरून, असा तक्ता होतो. शेवटच्या रकान्यातली वाढ जरूर लिहा. पुढच्या टप्प्यात तिचेच काम आहे.

| बाजूंची संख्या | बाजू | क्षेत्रफळ | आधीच्यापेक्षा वाढ |
|---|---|---|---|
| ६ | १.०००००० | २.५९८०७६ | |
| १२ | ०.५१७६३८ | ३.०००००० | ०.४०१९२४ |
| २४ | ०.२६१०५२ | ३.१०५८२९ | ०.१०५८२९ |
| ४८ | ०.१३०८०६ | ३.१३२६२९ | ०.०२६८०० |
| ९६ | ०.०६५४३८ | ३.१३९३५० | ०.००६७२२ |
| १९२ | ०.०३२७२३ | ३.१४१०३२ | ०.००१६८२ |

क्षेत्रफळ काढताना नेहमी *आधीच्या* ओळीतली बाजू वापरायची, हे विसरू नका. २४ बाजूंचे क्षेत्रफळ म्हणजे ६ × ०.५१७६३८, यातली ०.५१७६३८ ही १२ बाजूंच्या बहुभुजाची बाजू आहे. एक ओळ सरकली तर क्षेत्रफळे बरोबर येतात पण भलत्याच बहुभुजाच्या नावावर जातात.

याच तक्त्यातली १२ बाजूंपासूनची क्षेत्रफळे पायथॉनमध्ये:

```python
from math import sqrt
n, s = 6, 1.0
for k in range(5):
    print(2*n, n*s/2)
    s = s / sqrt(2 + sqrt(4 - s*s))
    n = 2*n
```

तपासा: प्रत्येक वाढ आधीच्या वाढीच्या साधारण चौथा हिस्सा असायला हवी. पहिले गुणोत्तर ०.२६३ आहे, पुढचे ०.२५३, मग ०.२५१. मघाचे बिघडलेले ३.१४७६ या कसोटीवर लगेच उघडे पडते: तिथे वाढ ०.००८ च्या वर जाते, म्हणजे आधीच्या ०.००६७ पेक्षाही जास्त. कॅल्क्युलेटरवर π चे बटण न दाबता चूक पकडायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

## टप्पा ४: उरलेली तफावत मोजा

तक्ता पाहून ‘आकडे ३.१४ च्या आसपास स्थिरावताहेत’ एवढेच म्हणता येते. वाढती संख्या कुठेतरी स्थिरावली, यावरून ती वर्तुळाच्याच क्षेत्रफळाशी स्थिरावली असे ठरत नाही. बहुभुज आणि वर्तुळ यांच्यामध्ये कायमची थोडी जागा उरत नाही कशावरून? हा प्रश्न टाळला की सिद्धता तिथेच संपते.

‘दिसायला तर वर्तुळच होते’ हे उत्तर का चालत नाही, याचा एक नमुना पाहा. वर्तुळाबाहेरच्या चौरसाचे कोपरे आत दुमडा, मग नव्या कोपऱ्यांचे तेच करा, असे करत राहा. पायऱ्यापायऱ्यांची ती आकृती वर्तुळाला इतकी बिलगते की डोळ्यांना फरक कळत नाही. तरी तिची परिमिती प्रत्येक वेळी 8r च राहते, आणि परीघ त्यापेक्षा बराच कमी आहे. बिलगणे ही सिद्धता नव्हे. तफावतीला वरून मर्यादा घालावी लागते.

ती अशी घालू. बाजू PQ आणि तिच्यावरचा कंस यांमधल्या वर्तुळखंडाकडे पाहा. PQ हा पाया आणि KM = r − h ही उंची घेऊन एक आयत काढा. वर्तुळखंड पूर्ण या आयतात मावतो. त्रिकोण PMQ चा पाया आणि उंचीही तीच, म्हणून तो आयताच्या बरोबर निम्मा आहे. आता सगळ्या बाजूंवरची बेरीज करा. त्रिकोणांची बेरीज म्हणजे दुप्पट करताना झालेली वाढ, A₂ₙ − Aₙ. आयतांची बेरीज तिच्या दुप्पट. म्हणून

```
A − Aₙ < 2 × (A₂ₙ − Aₙ)
```

दोन्ही बाजूंमधून A₂ₙ − Aₙ वजा केले की

```
A₂ₙ < A < A₂ₙ + (A₂ₙ − Aₙ)
```

म्हणजे वर्तुळाचे क्षेत्रफळ शेवटच्या बहुभुजापेक्षा जास्त, पण शेवटची वाढ आणखी एकदा मिळवली तर येणाऱ्या संख्येपेक्षा कमी. बाहेरून बहुभुज काढायची गरजच उरत नाही. चीनमधील लिऊ हुई यांनी इ.स. २६३ च्या सुमारास १९२ बाजूंपर्यंत जाऊन हीच युक्ती वापरली होती. आपल्या तक्त्यात ९६ बाजूंना वरची मर्यादा ३.१३९३५० + ०.००६७२२ = ३.१४६०७२ येते आणि १९२ बाजूंना ३.१४२७१४. त्यामुळे A नक्कीच ३.१४१०३२ आणि ३.१४२७१४ यांच्यामध्ये आहे. यापुढे एकही दशांश अंक छातीठोकपणे सांगायचा असेल, तर पुढची दुप्पट करावी लागेल.

आता या असमानतेतून सीमा काढू. दुप्पट केल्यावर उरलेली तफावत A − A₂ₙ ही नुकत्याच झालेल्या वाढीपेक्षा कमी आहे. आधीची तफावत म्हणजे ही वाढ आणि ही उरलेली तफावत यांची बेरीज. मग उरलेली तफावत आधीच्या तफावतीच्या निम्म्याहून कमी असलीच पाहिजे. प्रत्येक दुपटीला तफावत निम्म्याहून कमी होते. अशी संख्या कोणत्याही सांगितलेल्या धन संख्येखाली जाते. सीमा म्हणजे नेमके हेच, आणि इथे ‘अनंत’ हा शब्द वापरावासुद्धा लागला नाही.

एक उदाहरण करून पाहा. समजा तफावत ०.०१ पेक्षा कमी हवी आहे. षट्कोनाची तफावत २ × ०.४०१९२४, म्हणजे ०.८०३८४८ च्या आत आहे. ही सात वेळा निम्मी केली की ०.००६२८ होते, म्हणून ७६८ बाजूंना हमी मिळते. तक्त्यातली वाढ थेट वापरली तर ९६ बाजूंनाच मिळते, कारण तिथली वाढ ०.००६७२२ आहे. सिद्धतेतली हमी ढिली असली तरी बिघडत नाही. ती प्रत्येक वेळी लागू पडायला हवी, एवढेच.

सावधान: इथपर्यंत आपण फक्त ६, १२, २४, ४८ अशा n बद्दल बोललो. ‘कोणत्याही n साठी’ असे विधान करायचे असेल, तर मधल्या ७, १०, १०० बाजूंचाही हिशेब द्यावा लागतो. तो याच आयतांतून निघतो. सगळ्या आयतांचे क्षेत्रफळ p × (r − h) आहे. अर्धी बाजू, लंबांतर आणि त्रिज्या यांच्या त्रिकोणात r < h + s/2, म्हणून r − h हे s/2 पेक्षा कमी. परिमिती 8r च्या आत असल्याने s हे 8r/n पेक्षा कमी. एकत्र करून

```
A − Aₙ < p × s/2 < 8r × 4r/n = 32r²/n
```

n वाढला की उजवी बाजू शून्याकडे जाते, मग n कोणत्याही क्रमाने वाढो.

## टप्पा ५: सीमेला नाव द्या

आता दुसरे काम. Aₙ ची सीमा A आहे हे झाले. ती πr² आहे हे अजून व्हायचे आहे. टप्पा २ मधली ओळ पुन्हा समोर घ्या:

```
A₂ₙ = (1/2) × p × r
```

बाजू दुप्पट करत गेल्यावर डावी बाजू A कडे जाते, हे टप्पा ४ ने दिले. उजवीकडे r स्थिर आहे आणि p परीघ C कडे जाते. ती तर परिघाची व्याख्याच आहे. दोन्ही बाजू सारख्या असल्याने त्यांच्या सीमाही सारख्या:

```
A = (1/2) × C × r = (1/2) × 2πr × r = πr²
```

पाठ्यपुस्तकांत इथे सहसा Aₙ = ½ × p × h घेऊन ‘p चा C होतो आणि h चा r होतो’ असे लिहिलेले असते. तेही चालते, पण मग h ची सीमा r का, आणि गुणाकाराची सीमा म्हणजे सीमांचा गुणाकार का, ही दोन वाक्ये जोडावी लागतात. विद्यार्थी ती जोडत नाहीत. पतंगाच्या सूत्रात फक्त एकच गोष्ट हलते, म्हणून मला ते जास्त आवडते.

तपासा: शेवटच्या ओळीत π कुठून आला हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. तो C = 2πr मधून आला, म्हणजे π च्या व्याख्येतून. दुसरीकडून कुठून आला असेल, तर तयारीची यादी पुन्हा पाहा.

## टप्पा ६: r = 1 वरून परत या

तक्ता एक एकक त्रिज्येचा होता. त्रिज्या ५ सेंमी असेल, तर सगळ्या लांबी ५ पट आणि सगळी क्षेत्रफळे २५ पट. १९२ बाजूंच्या बहुभुजाचे क्षेत्रफळ ७८.५२५८ चौ. सेंमी, वरची मर्यादा ७८.५६७८ चौ. सेंमी. मर्यादांनाही २५ नेच गुणायचे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. तफावतही क्षेत्रफळच आहे, म्हणून तीही २५ पट होते; r = 1 ला ०.००१७ च्या आत असलेली चूक इथे ०.०४२ पर्यंत जाऊ शकते. ठरावीक अचूकता हवी असेल, तर बाजूंची संख्या ठरवण्याआधी त्रिज्या पाहा.

## साइन वापरायचेच असेल तर

त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे साइनचे सूत्र घेतले की एका ओळीत काम होते असे वाटते. केंद्रीय कोन 360°/n, म्हणून

```
Aₙ = (n/2) × r² × sin(360°/n)
```

आकडे काढायला हे उत्तम आहे. सीमा काढताना मात्र कोन रेडियनमध्ये घेऊन sin x / x ची सीमा १ असल्याचे वापरले जाते, आणि तिथे पाय घसरतो. ती सीमा तुमच्या पुस्तकात कशी सिद्ध केली आहे ते उघडून पाहा. बहुतेक ठिकाणी त्रिकोण, वर्तुळपाकळी आणि मोठा त्रिकोण यांच्या क्षेत्रफळांची तुलना केलेली असते. वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ ½r²θ हे वर्तुळाच्या क्षेत्रफळावरूनच येते. म्हणजे πr² वापरून πr² सिद्ध केले. अंश आणि छेद यांचे विकलन करून सीमा काढली तरी सुटका नाही, कारण साइनचे विकलन त्याच सीमेवर उभे आहे. ती सीमा कंसाच्या लांबीच्या तुलनेवरून सिद्ध केलेली असेल, तर हरकत नाही. पण मग उत्तरात तसे एक वाक्य लिहा.

आकडे काढतानाची अडचण वेगळी आणि क्षुल्लक आहे, तरी वेळ खाते. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे आणि तुम्ही sin(2π/n) टाइप केले, तर r = 1 साठी उत्तर ०.०५४८ च्या आसपास येते आणि n सहा असो की सहा हजार, तिथून हलत नाही. कारण यंत्र त्या लहानशा संख्येला अंश समजते आणि सगळे उत्तर π/180 पट आकसते. उलट, यंत्र रेडियनवर असताना sin(360/n) टाइप केले, तर षट्कोनाचे क्षेत्रफळ −०.९१४ येते. ऋण क्षेत्रफळ दिसले की निदान थांबावेसे तरी वाटते, ०.०५४८ जास्त फसवे, कारण ते छान स्थिर राहते आणि सीमा सापडल्यासारखे वाटते. n = 12 टाकून पाहा: उत्तर ३ आले, तर कोनाचे एकक बरोबर आहे.